आजीची पावसाळी चूल लिहिताना लेख दर वेळी गुळमट होतो तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. आजीच्या पावसाळ्यातल्या स्वयंपाकघरावर लेख लिहिला, घरच्यांनी वाचून "छान झालाय, डोळे पाणावले" म्हटलं, पण लिहिणाऱ्यालाच तो आपला वाटत नाही. पुन्हा लिहिला, शब्द बदलले, दोन म्हणी घातल्या, तरी गाडी तिथंच येते. धो-धो पाऊस, चुलीची ऊब, गरमागरम भाकरी, सुरकुतलेले हात आणि शेवटी "गेले ते दिवस". बेळगावकडच्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेला मजकूर वाचायचं काम माझ्याकडं असतं, आणि हा लेख तिथं दर वर्षी येतो. लिहिणारे निराळे, गावं निराळी, आजी तर निराळ्याच; लेख मात्र एकच.

बऱ्याच जणांना वाटतं की आपली भाषा कमी पडते. तसं नसतं. भाषा बहुतेकांची चांगली असते, म्हणूनच तर हे शब्द इतक्या सहज येतात. आठवणही कमी नसते. फोनवर अर्धा तास बोलतं केलं की त्याच माणसाकडून अशा गोष्टी निघतात की ऐकणारा थक्क होतो. मग त्या लेखात का येत नाहीत? कारण लिहायला बसल्यावर तो आठवण लिहीत नाही, आठवणीचा निकाल लिहितो. "ऊब", "माया", "खमंग" हे सगळे निकाल आहेत. ज्यावरून निकाल लागला ते कागदावर आलेलंच नसतं, आणि वाचणारा स्वतःच्या घरातलं सामान तिथं भरून घेतो. डोळे पाणावतात ते त्याच्या स्वतःच्या आजीसाठी.

एक खरा नमुना घेऊ. लिहिणाऱ्या बाई बँकेत नोकरीला, वय पन्नाशीच्या पुढं, राहणार बेळगाव शहरात. आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. त्यांच्या परवानगीनं पहिला परिच्छेद देतो:

"पावसाळा आला की मला आजीचं स्वयंपाकघर आठवतं. बाहेर धो-धो पाऊस कोसळत असायचा आणि आत चुलीची मायेची ऊब. ज्वारीच्या गरमागरम भाकरीचा खमंग दरवळ घरभर पसरायचा. कौलांतून येणाऱ्या सोनेरी कवडशात आजीचे सुरकुतलेले हात भाकरी थापत असायचे. त्या भाकरीची चव आज पंचतारांकित हॉटेलातही मिळत नाही."

पहिली तपासणी: गाव बदलून बघा

परिच्छेदातलं आजोळ उचलून दुसरीकडं ठेवायचं. हाच मजकूर अथणीच्या आजीला लागू पडतो का? रत्नागिरीच्या? यवतमाळच्या? वरचा परिच्छेद सगळीकडं चालतो, म्हणजे तो कुठलाच नाही. आणि आपल्या जिल्ह्यात तर ही तपासणी फारच उपयोगी पडते, कारण इथं एकाच जिल्ह्यात दोन-तीन पावसाळे आहेत. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याचा घाट. तिथं पाऊस एकदा बसला की उठत नाही, भात पिकतं, जंगल जवळ, जळण म्हणजे लाकूड. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं पाऊस मोजका, काळी जमीन, ज्वारी, आणि चुलीत शेणी, तुऱ्हाट्या, कडब्याची धाटं. अथणीच्या आजीच्या पावसाळी आठवणीत खरं तर धो-धो पाऊस कमी आणि पायाला चिकटून येणारा काळा चिखल जास्त असायला हवा. दारात पाय खरवडायला ठेवलेला दगड असायला हवा. ढग दाटून येऊन तसेच निघून गेलेली संध्याकाळही त्यातच येईल.

बाईंना मी एवढंच विचारलं की जांबोटीकडं रोज ज्वारीची भाकरी होती का. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही हो, तांदळाची. ज्वारीची आम्ही इकडं शहरात आल्यावर खायला लागलो." लेखात ज्वारी आली कुठून? वाचलेल्या लेखांतून. "भाकरी" लिहिलं की हाताला "ज्वारीची" हा शब्द आपोआप येतो.

सोनेरी कवडसा तसाच. आठवण कुठल्या दिवसांतली असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, रोपलावण चालू असायची, म्हणजे तरणा-म्हातारा पाऊस. तरणा म्हणजे पुनर्वसू नक्षत्र, जुलैच्या ५-६ तारखेला लागतं. म्हातारा म्हणजे पुष्य, १९-२० जुलैपासून पुढचे पंधरा दिवस. त्या दिवसांत जांबोटीला सूर्य दिसणं ही गावभर सांगायची बातमी असते. कवडसा आला तो उन्हाळ्याच्या सुट्टीतून किंवा एखाद्या सिनेमातून. मग घरात उजेड कसला होता? एक काचेचं कौल होतं, पण त्यावर शेवाळ चढलेलं. त्यातून येणारा उजेड हिरवट, आणि तोही फक्त पाण्याच्या हंड्याजवळ. भाकरीवर उजेड होता तो जाळाचाच. जाळ पडला की परात दिसायची नाही. हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण "फुंक गे जरा, दिसंना झालंय" हे आजीचं वाक्य त्यांच्या वाट्याला रोज यायचं.

खरी दुरुस्ती: ओल शोधा

इथून पुढं लोक एक चूक हमखास करतात. तपशील हवा म्हटलं की वस्तूंची यादी सुरू होते. जातं, उखळ, मुसळ, शिंकाळं, उतरंड, पाटा-वरवंटा, काथवट, सूप, रोळी. वस्तुसंग्रहालयाची पाटी वाचल्यासारखं होतं. या वस्तू खऱ्या असतात, पण त्या बाराही महिने तिथंच होत्या. पावसाळ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. लेख पावसाळ्याचा आहे ना?

मी सांगतो ते असं. घाटाकडच्या घरात पावसाळ्यातलं स्वयंपाकघर म्हणजे ओलीशी चार महिने चाललेलं भांडण. आजीनं त्या दिवसांत केलेली जवळजवळ प्रत्येक हालचाल ओलीमुळं होती. म्हणून वस्तू आठवू नका. ओल कुठं शिरत होती आणि तिला कोण, कसं अडवत होतं ते आठवा. लाकूड ओलं, काडेपेटी सादळलेली, मिठाला पाणी सुटलेलं, पीठ कोंदट, कपडे वाळेनात, कौल सरकलेलं. यातल्या प्रत्येक अडचणीवर घरात काही ना काही तोडगा होता, आणि त्या तोडग्यातच वास, आवाज, स्पर्श सगळं सापडतं. ते वेगळं शोधावं लागत नाही.

या बाईंच्या बाबतीत आम्ही एकच अडचण धरली: ओलं लाकूड. बाकीच्या सोडून दिल्या. एका परिच्छेदाला एक पुरते.

लाकडाबद्दल काय काय निघालं ते बघा. जळण मेमध्येच फोडून पडवीत रचलेलं असायचं, पण वारा फिरला की पावसाची झड पडवीत आत यायची आणि बाहेरची रास भिजायची. आतल्या बाजूचं कोरडं लाकूड आजी लवकर काढू द्यायची नाही. ते गणपतीपर्यंत पुरवायचं असायचं. मग रोजच्याला भिजलेलंच. त्यावर तोडगा असा की उद्या जाळायची लाकडं आज चुलीच्या मागं भिंतीला उभी करायची. चूल पेटली की त्यांच्या सालीतून वाफ निघायची. म्हणजे त्या घरात एका वेळी दोन दिवसांची लाकडं होती, एक जळणारी आणि एक वाळणारी. ही गोष्ट बाईंनी सहज बोलता बोलता सांगितली आणि पुढं म्हणाल्या, "पण हे काय लिहायचं, यात काय आहे?" हेच तर लिहायचं होतं.

शिवाय रात्री चूल विझवायची नाही. दोन-तीन जाड निखारे राखेत पुरून ठेवायचे, सकाळी राख उकरून त्यांवर काटक्या आणि भाताचा पेंढा ठेवून फुंकायचं. काडेपेटीची काडी सादळून तिचं गूल नुसतंच घासून निघायचं, म्हणून निखारा जपायचा. एखाद्या सकाळी राखेत काहीच सापडलं नाही तर शेजारच्या घरी उलथन्यावर किंवा करवंटीत विस्तव मागायला नात जायची, वर सूप धरून. एका आठवणीत मावणार नाही म्हणून हे आम्ही बाजूला ठेवलं, पण या एका गोष्टीवर पुढं स्वतंत्र लेख होईल.

वास कुठं ठेवायचा

गुळमटपणाचं मोठं घर म्हणजे वास. "खमंग दरवळ घरभर पसरायचा" हे वाक्य दोन कारणांनी फसतं. पहिलं, खमंग म्हणजे काय ते कळत नाही. भाजलेलं बेसनही खमंग आणि तळलेली मिरचीही खमंग. दुसरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. आपण ज्या वासात बसलेलो असतो तो थोड्या वेळानं नाकाला जाणवेनासा होतो. नाकाची ती रीतच आहे. धुरानं भरलेल्या घरात तासभर बसलेल्या मुलीला धुराचा वास येत नसतो. तिचे डोळे चुरचुरत असतात, घसा खवखवत असतो. वास येतो तो आत शिरताना, किंवा तिथून निघून दुसरीकडं गेल्यावर.

म्हणून वास लिहायचा तर उंबऱ्यावर लिहा. बाहेरून भिजून आल्यावर दारात पहिला श्वास कशाचा होता? नाहीतर घर सोडल्यावर लिहा. बाईंना विचारलं, धुराचा वास तुम्हाला नेमका कुठं आला होता? बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग सांगितलं की शाळेत. वर्गात बसल्यावर स्वतःच्याच वेणीतून यायचा, आणि बाकावरची मुलगी सरकून बसायची. तिच्या घरी रॉकेलचा स्टो होता.

इतकी वर्षं ज्या धुराला त्या "मायेची ऊब" म्हणत होत्या त्याच धुराची त्यांना लहानपणी लाज वाटली होती. ही आठवण लेखात येताच पहिल्या परिच्छेदातलं सगळं लोणकढं तूप वितळून गेलं. ऊब खोटी ठरली असं नाही. पण ऊब आणि लाज दोन्ही एकाच धुरातून आल्या, आणि त्यातली एकच लिहिली तर वाचणाऱ्याला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं.

भाकरीचंही तसंच. तांदळाच्या भाकरीला पाण्याचं आधण आणून उकड काढावी लागते, मळून परातीत थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी करायची. तिथं ती फुगते. ओल्या लाकडाचा जाळ धुरकट आणि मंद, त्यातून निखारे धड पडत नाहीत. निखारे नसले तर भाकरी फुगणार कशी? एका बाजूला अर्धवट टम्म आणि दुसऱ्या बाजूला चपटी, कडेला धुराचा काळा पट्टा. पावसाळ्यातली भाकरी धुरकट लागायची, आणि कुठल्याच नातवाला ती आवडायची नाही. पंचतारांकित हॉटेलात ही चव मिळत नाही हे वाक्य अगदी खरं आहे, पण लिहिणाऱ्या बाईंना ते तसं म्हणायचं नव्हतं.

डोळे किती उंचीवर होते

आठवण सात-आठ वर्षांच्या मुलीची, आणि लिहिलेली पन्नाशीतल्या बाईच्या उंचीवरून. "सुरकुतलेले हात" दिसतात ते मोठ्या माणसाला. लहान मूल चुलीजवळ जमिनीला टेकून बसतं, कारण धूर वर जातो. उभं राहिलं की डोळे गेले. त्या उंचीवरून नातीला काय दिसत असेल? हात तर परातीच्या काठाआड. आजीचं तोंड धुरात. समोर असायचे ते पाय. आणि रोपलावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या झालेल्या असायच्या. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या फटफटीत पडून चिरायच्या. त्यांवर हळद आणि गोडं तेल लावून आजी पाय जाळाकडं करून बसायची. इरकल लुगड्याचा ओला काठ पिंडरीला चिकटलेला.

हात काढून पाय घातले एवढ्यानं काम झालं असं समजू नका. पाय आले तसं शेत आलं, दिवसभराचं काम आलं, आणि आजी ही नुसती भाकऱ्या थापायला जन्मलेली बाई राहिली नाही. संध्याकाळी चुलीपुढं बसायच्या आधी ती दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकलेली होती. गुळमट लेखांत आजी कधीच दमलेली नसते, हे मला नेहमी खटकतं.

आवाज

इथं थोडक्यात सांगतो. "रिमझिम", "रिपरिप", "धो-धो" हे तयार शब्द पुसून टाका आणि छत कशाचं होतं ते विचारा. पत्र्याखाली बोलणं ऐकू येत नाही, माणसं हातवारे करतात. कौलांखाली आवाज जाड आणि एकसारखा, थोड्या वेळानं तो ऐकूच येत नाही. ऐकू येते ती पागोळी आणि गळती. या घरावर माकडं नाचायची, कौलं सरकवायची, आणि घरात कुठंतरी गळायला लागायचं. आजोबा आतून काठीनं कौल ढकलून बसवेपर्यंत खाली भांडं. रिकाम्या भांड्यात थेंब टण्ण वाजतो, तळ झाकला की आवाज बसतो. पोरांना भांडं भरत आलंय ते न बघता कळायचं. एवढा आवाज पुरे.

पुन्हा लिहिलेला परिच्छेद

बाईंनी हे सगळं बाजूला ठेवून आठ दिवस काही लिहिलं नाही, आणि मग हे पाठवलं:

"म्हातारा पाऊस लागला की आज्जी उद्याची लाकडं चुलीमागं भिंतीला उभी करायची. जाळ लागला की त्यांच्या सालीतनं वाफ निघायची. चुलीत असायची ती कालची वाळवलेली, तरी एखाद्याच्या टोकाला पांढरा फेस यायचा आणि ते सुंईऽ करून रडायचं. मी जमिनीला टेकून बसायची. उभं राहिलं की धूर डोळ्यांत. तिथनं आज्जीचं तोंड दिसायचं नाही, पाय दिसायचे. बोटांच्या बेचक्या चिखलानं पांढऱ्या पडलेल्या, त्यांत हळदीचं तेल. ते पाय ती जाळाकडं करायची आणि मधनंच मागं घ्यायची. माळ्याखालच्या भांड्यात टण्ण टण्ण चालू असायचं. जाळ पडला की परात दिसेनाशी व्हायची, मग 'फुंक गे जरा, दिसंना झालंय.' मी फुंकणी घ्यायची. भाकरी निखाऱ्याला लावायची, पण निखारे कुठले? अर्धी फुगायची, अर्धी तशीच, कडेला काळा पट्टा. तो तुकडा मी मोडून मांजरापुढं टाकायची. मांजर हुंगायचं आणि जायचं. आज्जी बघायची. 'धुराची खायला शीक गे. सासरी काय ग्यास मांडून ठेवलाय तुझ्यासाठी?' दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या वेणीला वास यायचा. बाकावरची मुलगी भिंतीकडं सरकायची."

यात आजीची माया कुठंच लिहिलेली नाही. ती शोधायला गेलो तर "आज्जी बघायची" या दोन शब्दांत थोडी आहे, आणि नातीला चुलीजवळ बसू दिलं यात आहे. बोली दोन वाक्यांपुरती आली, तेवढीच बरी. सगळा परिच्छेद बोलीत लिहिला असता तर वाचणाऱ्याचं लक्ष धुरावरून उडून उच्चारावर गेलं असतं. सीमाभागातल्या लेखकांचा हा दुसरा मोह, आणि तो गुळमटपणापेक्षा कमी त्रासाचा नाही.

एवढं करूनही गोडवा परत आला तर

येतोच. बहुतेक वेळा शेवटच्या ओळीतून. याच बाईंच्या मसुद्यात वरच्या परिच्छेदानंतर एक ओळ होती: "आज माझ्या घरी गॅस आहे, पण ती ऊब नाही." ही ओळ लिहिताना लेखक घाबरलेला असतो, आपण जे दाखवलं ते वाचणाऱ्याला कळलं नसेल, म्हणून तो शेवटी निकाल वाचून दाखवतो. अशा वेळी शेवटची ओळ झाकून लेख वाचायचा. काही कमी वाटलं नाही तर ती ओळ काढायची. कमी वाटलं, तर दोष शेवटात नसून मधल्या तपशिलात आहे, तिथं जाऊन काम करायचं.

दुसरी वाट म्हणजे क्रियापदं. "असायचा, यायची, करायची" ही रोजची रीत सांगणारी रूपं लांबलचक लेखात धुकं आणतात. सगळं रोजच घडतं, म्हणून एकदाही घडत नाही. वरच्या परिच्छेदात ती चालून गेली, कारण परिच्छेद आखूड आहे. लेख चार पानांचा असेल तर निम्म्यात कुठंतरी एका विशिष्ट संध्याकाळी उतरा: "त्या दिवशी आजोबा माळ्यावरनं पडले", "त्या दिवशी राखेत निखाराच सापडला नाही." एकदा घडलेली गोष्ट आली की लेखाला कणा येतो.

तिसरी, काळाची गल्लत. लेख १९८० च्या दशकातला आणि त्यात एसटी स्टँडवर "बेळगावी"ची पाटी दिसते. शहराचं नाव अधिकृतपणे बदललं ते १ नोव्हेंबर २०१४ ला. बारीक गोष्ट वाटते, पण वाचणाऱ्याचा विश्वास अशाच ठिकाणी सुटतो, आणि मग खऱ्या तपशिलावरही तो शंका घेतो.

आठवतच नसेल तर

मग विचारा, पण नीट विचारा. "आज्जीच्या चुलीची आठवण सांग ना" म्हटलं की समोरचा माणूसही "काय दिवस होते गं" म्हणून सुरू होतो, आणि तुमच्या पदरात पुन्हा तोच गूळ. कामाचे प्रश्न विचारा. काडेपेटी कुठं ठेवायचे? मीठ कशात होतं, आणि त्याला पाणी सुटलं की काय करायचे? रात्री सगळ्यात शेवटी चुलीजवळून कोण उठायचं? ओले कपडे कुठल्या दांडीवर? अशा प्रश्नाला माणूस उत्तर देताना हात हलवतो, जागा दाखवतो, आणि मधेच दुसरंच काहीतरी सांगून जातो. तेच टिपून घ्या. बाईंच्या मामीनं मिठाचा प्रश्न विचारल्यावर मिठाचं काही सांगितलंच नाही. आषाढात सुका बांगडा कुठं टांगायचे आणि मांजर त्यावर कसं टपून बसायचं, ते सांगितलं. परिच्छेदातलं मांजर तिथून आलं.

ऐकीव गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी लिहावी का, हा प्रश्न यातून निघतोच. माझं मत असं: ज्या वेळी तुम्ही घरात होता त्या वेळची गोष्ट दुसऱ्यानं आठवून दिली तर ती तुमची. तुमच्या जन्माआधीची असेल तर "मामी सांगते" असं लिहा. त्यानं लेख कमकुवत होत नाही, उलट घरात बोलणारं आणखी एक माणूस येतं.

कधी कधी दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. छापायला जाण्याआधी बाईंनी परिच्छेद मामीला वाचून दाखवला, तर मामी म्हणाली, गळतीखाली पितळेचं घमेलं असायचं, आणि बाईंना तर जर्मनचं पातेलं आठवत होतं. दोघीही हट्टाला पेटल्या. मी म्हटलं, पातेलं राहू दे. पातळ जर्मनच्या भांड्यात थेंब टण्ण वाजतो, जाड पितळेचा आवाज निराळा येईल, आणि नातीच्या कानात टण्ण आहे. मामीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, जर्मनचं पातेलं दुधाचं होतं आणि ते गळतीखाली ठेवायची सासूबाईंची हिंमत नव्हती. शेवटी छापताना भांडं कशाचं ते लिहिलंच नाही, आणि दुधाच्या पातेल्याचं काय ते मामीला स्वतःच लिहून पाठवायला सांगितलंय.